मानेच्या रिपोर्टमध्ये ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’: डोकेदुखी खरेच त्यामुळे आहे का?

डोके वारंवार दुखते, सोबत मानही आखडते, म्हणून मानेचा एक्स-रे किंवा एमआरआय काढला जातो. रिपोर्टमध्ये ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’, ‘डिस्क बल्ज’ असे शब्द येतात. मग घरात सगळ्यांना वाटते की अखेर कारण सापडले. गळ्यात पट्टा येतो, उशी काढली जाते, मानेला वजन लावण्याच्या फेऱ्या सुरू होतात. काही महिन्यांनी डोके मात्र पूर्वीसारखेच दुखत असते.

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून डोकेदुखीसाठी येणाऱ्या अनेक रुग्णांच्या पिशवीत अशी एक फाइल असते. तुमच्याकडेही असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. थोडक्यात सांगायचे तर, मानेचा रिपोर्ट मणक्यांची झीज दाखवतो. डोके कशामुळे दुखते हे तो सांगत नाही. ते तुमच्या दुखण्याच्या हकिकतीतून आणि तपासणीतून कळते. बहुतेक वेळा त्यातून निघणारे नाव मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, असे असते.

रिपोर्टमध्ये नेमके काय लिहिलेले असते?

मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडले, तर प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. वय वाढते तसे या गादीतले पाणी कमी होते, ती थोडी चपटी होते आणि कडेने किंचित बाहेर येते. तिच्या शेजारच्या हाडाच्या कडांना बारीक टोके फुटतात. या सगळ्या बदलांना मिळून स्पॉन्डिलोसिस म्हणतात.

रिपोर्टमधील ‘डिस्क बल्ज’ म्हणजे गादी कडेने फुगलेली. ‘ऑस्टिओफाइट’ म्हणजे हाडाला आलेले टोक. ‘रिड्यूस्ड डिस्क स्पेस’ म्हणजे दोन मणक्यांमधील अंतर कमी झालेले. यालाच लोक ‘मणक्यात गॅप आला’ म्हणतात, पण प्रत्यक्षात तिथली जागा वाढलेली नसते, कमी झालेली असते. ‘स्ट्रेटनिंग ऑफ लॉर्डोसिस’ म्हणजे मानेचा नेहमीचा बाक थोडा सरळ दिसणे. फोटो काढताना हनुवटी कशी होती, यानेही तो बदलतो आणि काही त्रास नसलेल्या माणसांतही तो सरळ दिसू शकतो.

रेडिओलॉजिस्ट जे दिसते ते लिहितात आणि ते त्यांचे कामच आहे. मात्र ‘गादी फुगलेली आहे’ हे वर्णन झाले. ‘या गादीमुळे या रुग्णाचे डोके दुखते’ हा निष्कर्ष आहे, आणि तो रिपोर्टमध्ये लिहिलेला नसतो. फाइल वाचताना आपण तो मनाने जोडतो.

दुखत नसलेल्या मानेतही हेच दिसते

हा निष्कर्ष खरा असेल, तर ज्यांची मान आणि डोके ठणठणीत आहे त्यांच्या एमआरआयमध्ये असे बदल दिसायला नकोत. हे तपासून पाहिले गेले आहे. जपानमधील संशोधकांनी मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले. त्यांचे वय विशीपासून सत्तरीपर्यंत होते. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ८८ टक्के लोकांची एक तरी गादी फुगलेली दिसली. अगदी विशीतल्या तरुण-तरुणींमध्येही दर चारांपैकी जवळजवळ तिघांमध्ये ती तशी होती.

याचा अर्थ असा की, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आणि कुठेही न दुखणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांना रांगेत उभे करून त्यांचे एमआरआय काढले, तर बहुतेकांच्या हातात तुमच्यासारखाच रिपोर्ट येईल. केस पिकतात, तसेच मानेच्या गाद्या झिजतात. डोके दुखणाऱ्या माणसाचे केस पांढरे असतील, तर आपण पांढऱ्या केसांना दोष देत नाही. झिजलेल्या गादीबाबतही तोच विचार करायला हवा.

झीज खाली, दुखणे वर

आता रिपोर्टमध्ये कोणत्या मणक्यांची नावे आहेत ते पाहा. बहुतेक वेळा ‘सी ५-सी ६’ किंवा ‘सी ६-सी ७’ असे लिहिलेले असते. ‘सी’ म्हणजे मान आणि आकडे वरून खाली मोजतात. म्हणजे हे मानेच्या खालच्या भागातले, खांद्याजवळचे मणके झाले. मानेचा हाच भाग सर्वांत जास्त वाकतो, त्यामुळे तिथे झीजही आधी दिसते.

या जागेतून निघणाऱ्या नसा डोक्याकडे जात नाहीत. त्या खांद्यातून हातात उतरतात. सी ५-सी ६ मधील नस दबली तर दुखणे आणि मुंग्या दंडावरून अंगठ्याकडे जातात. सी ६-सी ७ मधील दबली तर हाताच्या मागच्या बाजूने मधल्या बोटाकडे जातात. हात उचलताना जोर कमी पडतो. ही स्पॉन्डिलोसिसची खरी आणि ओळखता येणारी तक्रार आहे.

डोक्याच्या मागच्या भागाला संवेदना देणाऱ्या नसा मानेच्या अगदी वरच्या तीन जोड्यांतून येतात. त्यामुळे मानेतून डोकेदुखी उद्भवायची असेल, तर बिघाड साधारणपणे तिथे, कवटीच्या खालच्या सांध्यांमध्ये असावा लागतो. तुमच्या रिपोर्टमधली झीज सी ५ च्या खाली असेल आणि दुखणे कपाळात, कानशिलात किंवा डोळ्यामागे असेल, तर दोघांचा संबंध जोडणे अवघड आहे.

मग डोके दुखताना मान का आखडते?

रुग्ण इथे हमखास थांबवतात: “पण डॉक्टर, माझं दुखणं मानेतनंच सुरू होतंय आणि मग वर चढतंय!” तुमचे हे म्हणणे खरे आहे आणि त्याचे कारणही माहीत आहे.

चेहरा, कपाळ आणि डोळ्यांभोवतीची संवेदना ट्रायजेमिनल नावाची नस मेंदूकडे नेते. मानेच्या वरच्या तीन जोड्यांच्या नसा मानेची आणि डोक्याच्या मागच्या भागाची संवेदना नेतात. या दोन्हींचे निरोप मेंदूच्या तळाशी एकाच केंद्रात पोहोचतात. एकाच जिन्यावरच्या दोन घरांची बेल एकाच घंटेला जोडलेली असावी, तसे हे आहे. घंटा वाजते, पण कोणी वाजवली हे आतल्याला नीट कळत नाही.

मायग्रेनमध्ये हे केंद्र चेतवले जाते. त्यामुळे बिघाड मानेत नसतानाही दुखणे मानेत जाणवते आणि मानेचे स्नायू ताठ होतात. अनेकांना प्रत्यक्ष डोके दुखू लागण्याच्या काही तास आधी, कधी आदल्या संध्याकाळी, मान जड होते, वारंवार जांभया येतात, चिडचिड होते. ही मायग्रेनच्या झटक्याची सुरुवातच असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मायग्रेनच्या रुग्णांनी रोजच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा मळमळीपेक्षा मानदुखीच जास्त वेळा आढळली. मळमळ तर मायग्रेनची ओळख मानली जाते!

म्हणजे मान आधी दुखली, एवढ्यावरून डोकेदुखी मानेने सुरू केली असे ठरत नाही. दोन्ही दुखणी एकाच झटक्याचे भाग असू शकतात.

हुपरीच्या एका ताईंची हकिकत

पुढची हकिकत अनेक रुग्णांच्या अनुभवांवरून जुळवलेली आहे, एका व्यक्तीची नाही.

हुपरीच्या ४१ वर्षांच्या एक ताई घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडतात. दिवसातून पाच-सहा तास मान खाली असते. गेली सहा वर्षे डोके दुखते, गेले वर्षभर फारच. एमआरआयमध्ये सी ५-सी ६ आणि सी ६-सी ७ या जागी गादी फुगलेली दिसली. काम मान वाकवून करण्याचे आणि वर रिपोर्टही तसाच, त्यामुळे कोणाला शंका यायचे कारणच नव्हते. चार महिने पट्टा झाला, वजन लावण्याच्या दोन फेऱ्या झाल्या. मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज सुरू होती.

“मानेत गॅप आलाय म्हणून सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “डोकं त्यानंच दुखतंय.”

फाइल बाजूला ठेवून काही प्रश्न विचारले. दुखते तेव्हा काय करता? “अंधाऱ्या खोलीत पडून राहते. पोरांचा आवाज सोसत नाही.” फोडणीचा वास? “नको नको होतंय.” उलटी होते? “होते की. पित्त पडलं की मोकळं वाटतंय.” जिना चढल्यावर? “डोकं ठणकतंय.” बहुतेक वेळा डावे कानशील, कधी उजवे, आणि दुखणे एक-दोन दिवस राहते. पाळीच्या आधी नक्की. संकष्टीच्या उपवासाला आणि उन्हातून आल्यावरही. पहिल्यांदा कधी दुखले, हे विचारल्यावर त्या आठवून म्हणाल्या, कॉलेजात असताना. तेव्हा त्याला ‘पित्त’ म्हणायचे. आईलाही तसेच व्हायचे.

तपासणीत मान सर्व बाजूंना मोकळी वळत होती आणि वळवल्याने डोकेदुखी सुरू होत नव्हती. हातांची ताकद, संवेदना आणि हातोडीने तपासलेल्या प्रतिक्रिया व्यवस्थित होत्या. रक्तदाब ठीक होता.

ही मायग्रेनची पुस्तकात शोभेल अशी हकिकत आहे. मायग्रेनचे निदान करताना पाहिले जाते ते असे: उपचार न घेतल्यास ४ ते ७२ तास टिकणारे झटके, किमान पाच वेळा आलेले, दुखणे एका बाजूला, ठणकणारे, काम बंद पाडणारे, चालण्या-फिरण्याने वाढणारे, यांपैकी किमान दोन गोष्टी, आणि सोबत मळमळ-उलटी किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणे. या यादीत एमआरआय कुठेच नाही. मायग्रेन कोणत्याही फोटोत दिसत नाही. म्हणूनच ज्याचा फोटो निघतो त्या मानेवर आळ येतो.

दुसरे निदानही होते. ताईंनी महिन्यातले गोळीचे दिवस मोजले, ते बावीस भरले. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ज्याला आधीच मायग्रेन आहे त्याचे डोके गोळीमुळेच जास्त दुखू लागते. ‘मान बिघडत चालली’ असे वाटत होते, तेव्हा वर्षभर वाढत गेले होते ते गोळ्यांचे प्रमाण.

उपचार बदलले. रोजची गोळी बंद केली आणि पहिले काही दिवस दुखणे उलट वाढेल हे आधीच सांगून ठेवले. झटका सुरू होताच घ्यायची मायग्रेनची वेगळी गोळी दिली, पण आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस नाही. झटके कमी व्हावेत म्हणून रात्री घ्यायचे, कमी मात्रेचे अमिट्रिप्टिलिन सुरू केले. हे औषध लगेच काम करत नाही. ते लागू पडते की नाही हे ठरवायला साधारण दोन-तीन महिने द्यावे लागतात. पट्टा काढला. कडक उपवास न करता थोड्या-थोड्या वेळाने खायला सांगितले. काम करताना पाट उंच करून घ्यायला आणि दर अर्ध्या तासाने उठायला सांगितले. त्याने मानेचा शीण कमी होतो आणि तो कमी करणे केव्हाही चांगलेच.

पहिला आठवडा कठीण गेला. पहिल्या महिन्यात डोके १९ दिवस दुखले, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात ६. सोबत मान आखडणेही तेवढेच कमी झाले. एमआरआय पुन्हा काढला असता, तर दोन्ही गाद्या तशाच फुगलेल्या दिसल्या असत्या. सर्वांनाच इतका फरक पडतो असे नाही. कोणाला दुसरे औषध लागते, कोणाला जास्त वेळ लागतो. पण योग्य आजारावर उपचार सुरू झाल्याशिवाय हा प्रवास सुरूच होत नाही.

“पट्ट्याने बरे वाटले होते की!”

असे अनेकांना वाटते आणि त्यावरूनच मानेचे निदान पक्के होते. पण बरे वाटण्याची कारणे आणखी असतात.

पहिले म्हणजे मायग्रेन स्वतःच कमी-जास्त होतो. माणूस एमआरआय काढतो तो सर्वांत वाईट आठवड्यात. त्यानंतर काहीही केले, अगदी काहीच केले नाही, तरी पुढचे काही आठवडे बहुधा थोडे सुखाचे जातात. श्रेय मात्र त्या वेळी गळ्यात असलेल्या पट्ट्याला मिळते.

दुसरे म्हणजे ‘मानेसाठी’ म्हणून दिलेल्या औषधांपैकी काही मायग्रेनवरही चालतात. वर सांगितलेले अमिट्रिप्टिलिन नसांच्या दुखण्यासाठीही दिले जाते. त्याने डोके थांबले, तर मानेचे निदान बरोबर होते असे सिद्ध होत नाही. डोक्याच्या मागच्या नसेजवळ दिलेल्या इंजेक्शनचेही तेच. त्या नसेचे निरोप वर सांगितलेल्या सामाईक केंद्रातच जातात, त्यामुळे मायग्रेनच्या रुग्णालाही त्याने काही आठवडे आराम पडू शकतो.

चुकीच्या निदानाची किंमतही असते. पट्टा महिनोन्‌महिने वापरला तर मानेचे स्नायू अशक्त होतात आणि मान खरोखर दुखू लागते. रोजच्या वेदनाशामक गोळ्या पोटावर आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. मान ‘मोकळी’ करण्यासाठी झटका देऊन मोडून घेणे तर धोक्याचेच आहे, मग ते केशकर्तनालयात असो की कोणाकडून मालिश करून घेताना. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण ज्या आजाराला मान मोडण्याची गरजच नाही, त्यासाठी एवढी जोखीम कशाला?

मानेमुळे खरेच डोके दुखते तेव्हा

मानेतून उद्भवणारी डोकेदुखी असते. ती खोटी नाही. नॉर्वेच्या ओटार स्यास्टाड यांनी १९८३ मध्ये तिला ‘सर्व्हायकोजेनिक हेडेक’ हे नाव दिले. पण ती मायग्रेनपेक्षा बरीच विरळ आहे आणि तिची ठेवण वेगळी असते.

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारे ५८ वर्षांचे गृहस्थ मोटारसायकलवरून पडतात. त्यानंतर काही दिवसांतच मानेच्या वरच्या भागात, उजव्या बाजूला दुखू लागते आणि ते दुखणे मागून पुढे उजव्या डोळ्यापर्यंत येते. बाजू कधीच बदलत नाही. गाडी मागे घेताना उजवीकडे वळून पाहिले की डोके हमखास दुखते. मान उजवीकडे अर्धीच वळते. उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही. कवटीखालच्या सांध्यावर दाबले की तेच ओळखीचे दुखणे उठते. इथे मानेकडे बोट दाखवायला सबळ कारण आहे. अपघात आणि दुखणे यांची वेळ जुळते, मानेच्या हालचालीने दुखणे सुरू होते आणि ती हालचाल कमीही झालेली आहे.

डॉक्टर यासाठी एक साधी तपासणी करतात. तुम्हाला उताणे झोपवून हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान पुढे वाकवतात आणि मग हळूच दोन्ही बाजूंना वळवतात. या स्थितीत खालचे मणके फारसे वळू शकत नाहीत, त्यामुळे वरच्या दोन मणक्यांमधला सांधा किती वळतो हे कळते. दुखऱ्या बाजूला तो बराच कमी वळला, तर संशय बळकट होतो. ही तपासणी घरी स्वतः करून पाहू नका.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही केवळ फोटोतल्या बदलांवरून मानेला कारण ठरवू नये असे स्पष्ट केले आहे, कारण डोके न दुखणाऱ्यांतही ते बदल सर्रास दिसतात. अशा खऱ्या मानेच्या डोकेदुखीतही पहिला उपचार पट्टा नसतो. फिजिओथेरपिस्टकडून सांध्याची हळुवार हालचाल आणि मानेच्या आतल्या व खांद्यांच्या स्नायूंचे व्यायाम हा असतो. ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सहा आठवड्यांच्या उपचाराने डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानंतरही तो फायदा टिकून होता.

एकाच माणसाला मायग्रेनही असू शकतो आणि मानेचे दुखणेही. तेव्हा दोन्हींवर उपचार करावे लागतात. एकाचे नाव दुसऱ्याला दिले की दोन्ही राहून जातात.

रिपोर्ट हातात आहे, आता काय करायचे?

चार आठवड्यांची नोंद ठेवा. वेगळी वही नको. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता, त्यावरच चालेल. डोके दुखले त्या तारखेवर ‘डो’ लिहा, काम बंद पडण्याइतके दुखले तर त्याभोवती गोल करा. गोळी घेतली त्या दिवशी ‘गो’ लिहा आणि किती घेतल्या तो आकडा. पाळी, उपवास, जागरण, उन्हातला प्रवास यांसाठी आणखी एक खूण. महिनाअखेर दुखण्याचे दिवस आणि गोळीचे दिवस मोजा. ही दोन संख्या डॉक्टरांना तुमच्या एमआरआयपेक्षा जास्त काही सांगतील.

भेटीच्या वेळी तीन गोष्टी विचारा. माझ्या रिपोर्टमधली झीज कोणत्या मणक्यांमध्ये आहे आणि तिथून डोके दुखू शकते का? तपासणीत माझी मान कमी वळते का, आणि वळवल्यावर माझे नेहमीचे दुखणे सुरू होते का? माझ्या हकिकतीत मायग्रेन किंवा गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी बसते का? रोज गोळ्या घेत असाल तर हे स्पष्ट सांगा आणि त्या बंद कशा करायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. झोपेच्या किंवा ट्रामाडॉलसारख्या गोळ्या घेत असाल, तर त्या एकदम बंद करणे योग्य नाही.

मायग्रेनची औषधेही सर्वांना सारखी चालत नाहीत. हृदयविकार, दमा, गर्भधारणा किंवा मूल होण्याचा विचार असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. शेजारणीला लागू पडलेली गोळी आणून घेऊ नका.

हे दिसले तर थांबू नका

रिपोर्टवर विसंबण्याचा आणखी एक तोटा असा की, ‘मानेचेच आहे’ म्हणून गंभीर लक्षणेही अंगावर काढली जातात. पुढीलपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

- क्षणार्धात सुरू झालेली, आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी
- ताप आणि मान ताठ होणे, गुंगी, आकडी
- हात-पाय लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, अचानक दोन-दोन दिसणे
- मानेला झटका किंवा मार बसल्यानंतर सुरू झालेली नवी मानदुखी व डोकेदुखी
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर सुरू झालेली तीव्र डोकेदुखी
- वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशील दुखत असेल, चावताना जबडा दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल

आणि स्पॉन्डिलोसिसचीही एक बाजू दुर्लक्ष करण्याजोगी नाही. ब्लाउजचे हुक किंवा शर्टाची बटणे लावता न येणे, हातातून वस्तू निसटणे, चालताना पाय ताठ वाटून तोल जाणे, लघवीवरचा ताबा कमी होणे, ही झिजलेल्या मणक्यांमुळे मज्जारज्जू दबत असल्याची खूण असू शकते. यात डोके दुखतेच असे नाही, मानही फारशी दुखत नाही. इथे मात्र मानेचा एमआरआय खरोखर कामाचा असतो आणि उशीर परवडत नाही.

म्हणून रिपोर्ट फाडून टाकू नका, जपून ठेवा. हातात मुंग्या आल्या किंवा तोल जाऊ लागला, तर तो उपयोगी पडेल. डोकेदुखीसाठी डॉक्टरांकडे जाताना मात्र फाइलच्या वर महिनाभराची ती कॅलेंडरची पाने ठेवा.